कुकर घेण्याआधी हे फोटो मागा

मंडळी, गटात विक्रीला आलेल्या कुकरचे पैसे देण्याआधी बुडाचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. आयएसआय खुणेच्या वर IS 2347 आणि खाली CM/L पुढे परवाना क्रमांक हवा. तो BIS Care अ‍ॅपमध्ये टाकून आलेलं कंपनीचं नाव कुकरवरच्या नावाशी जुळवा. परवा एकाचा क्रमांक भलत्याच कंपनीचा निघाला, ठसा मात्र झकास!

सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी साधा स्क्रू किंवा ओबडधोबड डाग दिलेला दिसला तर सौदा सोडा. गॅस्केटवरच्या नावावर जाऊ नका, ती बदललेली असू शकते. नॉनस्टिक भांड्याच्या दांड्याच्या रिव्हेटभोवती फट दिसली तर माल हलका, पण रिव्हेट नीट म्हणजे अस्सल असंही नाही.