वाईट आकडा, तरी बाजार वर!

‘विकासदर घसरला, तरी सेन्सेक्स चढला कसा?’ असे लोकलमध्ये अजूनही विचारले जाते. २९ नोव्हेंबर २०२४ ला, शुक्रवारी, बाजार बंद झाल्यावर जुलै-सप्टेंबर तिमाहीचा विकासदर आला: ५.४ टक्के. रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता ७ टक्के. सोमवारी सेन्सेक्स आधी घसरला, पण दिवसअखेर सुमारे ४४५ अंकांनी वर गेला. वाढ मंदावली म्हणजे आता रिझर्व्ह बँक ढील देईल, व्याजदर कमी करेल, असा हिशेब अनेकांनी केला. तो अर्धाच खरा ठरला. ६ डिसेंबरला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर, ६.५ टक्क्यांवरच राहिला; कमी झाले ते बँकांचे रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा. महागाईने हात बांधले होते ना! बातम्यांत नुसता आकडा नको, शेजारी अंदाजही छापावा.

– एक वाचक, दादर, मुंबई