भजी कोणत्या तेलात तळली? अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयास खुले पत्र

मा. सहायक आयुक्त (अन्न),
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
सोलापूर

सप्रेम नमस्कार.

माझी आई माळकरी आहे. वय एकोणऐंशी. पंढरपूरची वाट आता पायी होत नाही, पण गळ्यातली माळ आणि ताटातलं पथ्य दोन्ही तशीच आहेत. गेल्या महिन्यात एका रविवारी भाच्याच्या नोकरीचा आनंद म्हणून आम्ही सगळे विजापूर रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. पाटीवर ‘व्हेज–नॉनव्हेज’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे तक्रार त्याची नाही. आईसाठी कांदाभजी मागवली. मेन्यूत भज्यांपुढं हिरवा ठिपका होता. तिसऱ्या भज्याला चिकटलेला चुरा तिनं बोटानं बाजूला केला, तर त्यात गुलाबी, करकरीत, मिशीसारखं काहीतरी निघालं. माझा मुलगा कोळंबी आवडीनं खातो. तो पाहताक्षणी म्हणाला, “बाबा, ही कोळंबीची मिशी आहे.”

वेटर म्हणाला, “कांद्याचं साल असेल काका.” आई काही बोलली नाही. तिनं प्लेट पुढं सरकवली आणि घरी येईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलच्या मालकांना पत्र दिलं. भांडायचं म्हणून नाही. मी बावीस वर्षं एका गिरणीच्या कॅन्टीनचा भांडार सांभाळला आहे. तेलाचा डबा किती दिवस पुरतो, तो कधी लवकर संपतो आणि आचारी कधी ‘पुरवून’ वापरतो, हे हिशेबाच्या वहीत मी रोज पाहत आलो. म्हणून पत्रात ‘तुमचं तेल वेगळं असतं का?’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. त्या प्रश्नाला सोलापुरात काय, कुठंही ‘हो हो, वेगळंच’ असंच उत्तर मिळतं. मी लिहिलं ते असं:

“आपल्याकडे तळणीच्या कढया किती आहेत? कोळंबी आणि मासे ज्या कढईत तळता, त्या कढईचा झारा आणि चाळणी भज्यांच्या कढईत जाते का? आणि रात्री हॉटेल बंद झाल्यावर दोन्ही कढयांतलं उरलेलं तेल गाळून कुठं ओतता?”

मालकांनी मला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि खरं सांगितलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच वाटला. कढया दोन आहेत. दुपारी गर्दी नसते तेव्हा गॅस वाचवायला एकच पेटते. रविवारी संध्याकाळी दोन्ही पेटतात, पण झारा एकच फिरतो. आणि रात्री दोन्हीचं तेल एकाच पातेल्यात गाळलं जातं. “गाळतो ना साहेब, कापडातून,” ते म्हणाले.

खरी गोम त्या रात्रीच्या पातेल्यात आहे, आणि एवढंच सांगायला हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

कापड चुरा अडवतं. रव्यात घोळवलेल्या कोळंबीचा जो रवा सुटून कढईच्या तळाशी बसतो आणि करपतो, तो कापडात राहतो. पण कोळंबीतून तेलात उतरलेला वास, चरबी आणि बारीक कण कापडातून सरळ खाली जातात. मग सकाळी आचारी कढई नव्या तेलानं ‘भरून घेतो’. सगळं तेल बदलत नाही, कमी पडलं तेवढंच घालतो. हिशेब करून पाहा. कढईत 8 लिटर तेल आहे. भजी, समोसे, कटलेट तळताना दिवसाला 2 लिटर खपतं, आणि तेवढंच नवं तेल पडतं. रविवारी रात्री त्या 8 लिटरमध्ये कोळंबीची कढई मिसळली. सोमवारी जुनं तेल उरलं 6 लिटर, मंगळवारी साडेचार, बुधवारी सुमारे 3.4, गुरुवारी अडीच. म्हणजे चार वेळा नवं तेल घालूनसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश तेल रविवारचंच. आणि गुरुवारी एकादशी असली, तर साबुदाणा वडा त्याच कढईत. कढई रोज भरत राहिली आणि तेल कधीच पूर्ण काढलं नाही, तर रविवार कढईतून पुरता जातच नाही. तोवर पुढचा रविवार येतो.

कॅन्टीनमध्ये आमच्याकडे मासे नव्हते, पण अंडाभजी होती. सुरुवातीची तीन वर्षं आम्हीही हेच केलं. कुणी विचारलं नाही म्हणून आम्हाला सुचलंही नाही.

आता कायदा. शाकाहारी अन्नाला हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, मांसाहारीला पूर्वी तपकिरी ठिपका होता, तो 2020 च्या लेबलिंग नियमांनी तपकिरी त्रिकोण झाला. मांसाहारी अन्नाची व्याख्या नीट वाचली, तर प्राण्याचा अंश ‘घटक म्हणून’ असला पाहिजे, असं तिचं म्हणणं. कोळंबी भज्याचा घटक नाही. तेल घटक आहे, पण तेल सूर्यफुलाचं. तेव्हा कागदावर माझ्या आईची भजी शाकाहारीच ठरतात, मिशी सापडली तो अपघात धरला तर. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मांसाहारी घटक अगदी किंचित असला तरी तो पदार्थ मांसाहारीच, असं म्हटलं. पण तेही घटकांविषयी. एकाच तेलात तळण्याविषयी तिथंही शब्द नाही.

हॉटेलांच्या भिंतीवर अन्न सुरक्षेचे नियम सांगणारा जो फलक असतो, त्यात शाकाहारी आणि मांसाहारी वेगळं ठेवा, कापायचे पाट आणि सुऱ्या वेगळ्या वापरा, असं छान लिहिलेलं असतं. कढईचं नाव त्यात कुठं नाही. खरं तर दोन अन्नांची गाठ कुठं पडत असेल तर ती कढईतच. सुरी धुता येते, पाट घासता येतो. तेल धुता येत नाही.

आपले अन्न सुरक्षा अधिकारी तेल तपासतात, हे मला ठाऊक आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरता येत नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे, आणि तो चांगला आहे. पण ती संयुगं मोजणारं यंत्र तेल किती थकलं ते सांगतं, त्यात कोण पोहून गेलं ते सांगत नाही. कोळंबी तळलेलं कालचं तेल त्या परीक्षेत सहज पास होईल. शिवाय तेलाची नोंदवही ठेवायची सक्ती दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना. आमच्या रस्त्यावरची बहुतेक हॉटेलं त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.

हा फक्त माळकऱ्यांचा, जैनांचा किंवा लिंगायतांचा सोवळेपणा आहे, असं कुणाला वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना ज्या प्रथिनाचा त्रास होतो, ते उष्णतेनं मोडत नाही. उकळलं काय, तळलं काय, ते टिकतं. आपल्याच 2020 च्या नियमांत ॲलर्जीच्या पदार्थांच्या यादीत कोळंबी-खेकड्याचा वर्ग आहे. पण हॉटेलच्या मेन्यूवर ती माहिती देण्याची जबाबदारी मोठ्या साखळी हॉटेलांवर आणि केंद्रीय परवानाधारकांवर आहे. विजापूर रोडवरच्या हॉटेलात भजी खाणाऱ्या पोराच्या ओठांना सूज आली, तर त्याच्या आईला कोळंबी सुचणारसुद्धा नाही. तिनं भजी मागवली होती.

आता उपाय. मालकांनी विचारलं, “मग काय करू? दुसरी कढई भरायची म्हणजे तेलाचा खर्च दुप्पट.” नाही होत. 15 किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल येतं, म्हणजे 8 लिटरच्या दोन कढया एका डब्यात भरतात. त्यानंतर तेलाची वाट एकाच दिशेची ठेवायची. नवं तेल नेहमी भज्यांच्या कढईत. भज्यांच्या कढईतलं तेल दोन-तीन दिवसांनी काढायचं, अजून चांगलं असेल तर ते कोळंबीच्या कढईत ओतायचं. कोळंबीच्या कढईतलं तेल परत कुठंही जायचं नाही. कोळंबीत पाणी फार, वरून रवा-मसाल्याचा लेप, त्यामुळे ते तेल तसंही लवकर फेसाळतं आणि काळपट होतं. ते टाकायचंच असतं. म्हणजे जे तेल आज एकत्र गाळून आठवडाभर ओढलं जातं, तेच दोन टप्प्यांत वापरायचं. नवं तेल दुप्पट लागत नाही. कोळंबीच्या झाऱ्याच्या दांडीला लाल दोरा बांधायचा, म्हणजे गर्दीतही आचाऱ्याचा हात चुकत नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये तो दोरा अंड्याच्या झाऱ्याला होता.

आपल्याकडे माझं मागणं फार नाही. तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझे ते तीन प्रश्न विचारावेत: कढया किती, झारा कोणता, रात्रीचं तेल कुठं. मालकांना नाही, थेट आचाऱ्याला, आणि जमलं तर रात्री दहानंतर जाऊन, कारण दुपारी बाराला सगळं वेगळंच असतं. आणि व्हेज–नॉनव्हेज हॉटेलांनी मेन्यूच्या पहिल्या पानावर एक ओळ छापावी: ‘तळणीचं तेल वेगळं’ किंवा ‘तळणीचं तेल एकच’. दुसरं लिहिणाऱ्याला दंड नको. हातगाडीवाल्याकडे एकच कढई असते आणि ती असू द्यावी, त्याच्यावर वेगळ्या कढईची सक्ती केली तर तो धंदा सोडेल किंवा खोटं बोलेल. त्यानं ‘एकच’ एवढं लिहिलं तरी माझी आई पुढच्या दुकानात जाईल आणि माझा मुलगा तिथंच थांबेल. ‘वेगळं’ लिहून एकत्र गाळणाऱ्याला मात्र सोडू नका. आणि एकाच तेलात तळलेल्या पदार्थापुढं हिरवा ठिपका लावावा की नाही, याचा खुलासा आपण वरून मागवावा. तो लेखी आला, की निदान वाद तरी मिटतील.

त्या हॉटेलच्या मालकांनी झाऱ्याला दोरा बांधला आहे. मी परवा पाहून आलो. रात्रीच्या पातेल्याचं काय, ते अजून कळलेलं नाही. पुन्हा विचारलं तर चहा मिळेलच, पण दरवेळी मीच विचारत बसणं बरं दिसत नाही. तुमच्या माणसानं एकदा विचारलं तर बरं होईल.

आपला,
विजापूर रोडवरचा एक शाकाहारी ग्राहक,
सोलापूर