लिंक नसलेली फसवणूक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘अनोळखी लिंक उघडू नका’ ही सूचना आपल्या दैनिकात आणि इतरत्रही वारंवार छापून येते. ती चुकीची नाही. पण माझे भाऊजी ज्या जाळ्यात जवळजवळ अडकले, त्यात लिंक नव्हतीच. त्यांनी ही सूचना तंतोतंत पाळली होती, आणि म्हणूनच ते निर्धास्त होते. माझी उभी नोकरी बँकेत नावे-जमा लिहिण्यात गेली. ताईच्या घरी त्या दिवशी जे घडले त्याचा हिशेब मांडला, तर इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटले म्हणून हे पत्र.

ईमेल साधा होता. एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचे वार्षिक नूतनीकरण झाले आहे, 399.99 डॉलर 24 तासांत खात्यातून वजा होतील, रद्द करायचे असल्यास खालील क्रमांकावर फोन करा. सोबत पीडीएफ बिल, त्यावर कंपनीचा लोगो, बिल क्रमांक, ‘तीन उपकरणांसाठी’ अशी नोंद. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र फुकट मिळणाऱ्या ईमेलचा, आणि सुरुवात ‘प्रिय ग्राहक’ अशी. भाऊजींचे नाव नाही, कार्डाचे शेवटचे चार आकडे नाहीत. ज्याने खरोखर पैसे घेतले त्याच्याकडे या दोन्ही गोष्टी असतात.

बिल पीडीएफमध्ये किंवा चित्राच्या रूपात पाठवण्यामागेही कारण आहे. ईमेलची चाळणी मजकूर वाचते आणि लिंक तपासते. इथे मजकूर चित्रात आणि लिंक नाही, मग चाळणी अडवणार काय? कधी कधी फोन नंबरात शून्याऐवजी इंग्रजी O हे अक्षर टाकलेले असते, तेही यंत्राला चकवायलाच. याहून बेरकी प्रकारही आहे. ऑनलाइन पैसे मागण्याची सोय देणाऱ्या खऱ्याखुऱ्या सेवेतून हे लोक बिल पाठवतात आणि टिपणीच्या रकान्यात आपला फोन नंबर लिहितात. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता अस्सलच असतो, त्यामुळे ‘पत्ता तपासा’ हा सल्लाही लंगडा पडतो. पण असे बिल म्हणजे नुसती मागणी असते. आपण ती मान्य करेपर्यंत एक पैसाही हलत नाही.

गंमत अशी, की भाऊजींनी आयुष्यात कधी अँटिव्हायरस विकत घेतलेला नाही. विंडोजसोबत आलेला आहे, तेवढाच. मी नंतर विचारले, मग फोन का केलात? ते म्हणाले, “अरे, घेतलाच नाही म्हणून तर केला! न घेतलेल्या वस्तूचे पैसे का देऊ?” या ईमेलची सगळी करामत या उत्तरात आहे. एरवीची फसवणूक लोभावर चालते. ही आपल्या हिशेबी स्वभावावर चालते. ज्याने वस्तू घेतलेली नाही तोच तावातावाने फोन उचलतो.

पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता. त्याने बिल क्रमांक विचारला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, हो सर, रक्कम वजा झाली आहे, मी लगेच रद्द करतो, फक्त एक फॉर्म भरावा लागेल. फॉर्म ‘आमच्या सुरक्षित सर्व्हरवर’ आहे म्हणत त्याने विंडोजची कळ आणि R एकत्र दाबायला लावले, एक पत्ता टाइप करून घेतला, आणि एनीडेस्क नावाचा प्रोग्राम उतरवून घेतला. कुठे हाच उद्योग टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर वापरून होतो. हे सगळे प्रोग्राम वैध आहेत, ऑफिसांत दुरून दुरुस्ती करायला रोज वापरले जातात, त्यामुळे कोणताही अँटिव्हायरस त्यांना विषाणू समजून हमखास अडवेल असे नाही. भाऊजींनी पडद्यावर दिसणारा आकडा वाचून दाखवला, ‘स्वीकारा’ दाबले, आणि घराची किल्ली दिली.

पुढचा भाग नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे, कारण खरी चोरी इथे सुरू होते. आकडे सोपे करून लिहितो. बचत खात्यात 9,000 होते, चालू खात्यात 1,200. फॉर्ममध्ये परताव्याची रक्कम 400 लिहायची होती. भाऊजींनी 400 लिहिले आणि पडद्यावर 4000 उमटले. जास्तीचे शून्य पलीकडच्याने टाकले होते. तेवढ्यात तो ओरडला, “सर, हे काय केलंत! चार हजार गेले!” आणि त्याने बँकेच्या साइटवर लॉगिन करून खात्री करायला सांगितले. लॉगिन झाल्यावर पडदा काळा झाला. ‘सर्व्हर अपडेट होतोय,’ तो म्हणाला. दोन-तीन मिनिटांनी पडदा परत आला तेव्हा चालू खात्यात 5,200 दिसत होते.

भाऊजींना वाटले, खरेच जास्तीचे पैसे आले. मग रडगाणे सुरू झाले: माझी नोकरी जाईल, घरी लहान मुले आहेत, तुमचे 400 ठेवा आणि 3,600 तेवढे परत करा, तेही गिफ्ट कार्डांच्या रूपात, कारण बँकेतून पाठवले तर चौकशी लागेल. कार्डे घ्या, मागचा कोड खरवडा आणि मला वाचून दाखवा. दुकानात कुणी विचारले तर भाच्याला भेट द्यायची आहे म्हणा. भाऊजी चप्पल घालून निघालेही होते.

ताईने तोवर मला फोन लावला होता. भाऊजींचा मोबाइल त्या माणसाने चालूच ठेवायला लावला होता, म्हणून तिने तिच्या फोनवरून लावला. मी तिला एकच विचारले: “तुझ्या मोबाइलवर बँकेचे ॲप आहे ना? दोन्ही खात्यांची शिल्लक वाच.” तिने चालू खाते वाचले, 5,200. मग बचत खाते वाचले, 5,000.

बेरीज करा. आधी 9,000 आणि 1,200, म्हणजे 10,200. आता 5,000 आणि 5,200, म्हणजे पुन्हा 10,200. बाहेरून एक छदामही आला नव्हता. पडदा काळा असताना त्याने भाऊजींच्याच बचत खात्यातले 4,000 त्यांच्याच चालू खात्यात सरकवले होते. आपलेच पैसे आपल्याला ‘परतावा’ म्हणून दाखवले आणि त्यातले 3,600 परत मागितले. स्वतःच्याच दोन खात्यांत पैसे फिरवायला अनेक बँका वेगळा ओटीपी मागत नाहीत, याचा हा फायदा.

याची दुसरी, जास्त स्वस्त तऱ्हा अशी की पैसे कुठेच हलवायचे नाहीत. ब्राउझरमध्ये पानाचा मजकूर तात्पुरता बदलण्याची सोय असते, वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ती दिलेली असते. तिच्यातून शिल्लकेच्या आकड्यावर नवा आकडा टाइप करायचा, की काम झाले. बँकेत काहीच बदललेले नसते, फक्त समोरच्या काचेवर बदललेले असते. अशा वेळी F5 दाबून पान ताजे केले की जुना आकडा परत येतो. म्हणूनच ते पान ताजे करू देत नाहीत, ‘व्यवहार अडकेल’ म्हणतात. पण भाऊजींच्या बाबतीत F5 कामाला आले नसते, कारण चालू खात्यातली वाढ बँकेच्या दप्तरी खरीच होती. तिथे दोनच गोष्टी उपयोगी: दुसऱ्या उपकरणावरून पाहणे, आणि एका खात्याऐवजी सगळ्या खात्यांची बेरीज करणे. क्रेडिट कार्डावरूनही उचल घेऊन खात्यात टाकतात असे ऐकले आहे, तेव्हा कार्डाची थकबाकीही त्या बेरजेत घ्यावी. शिवाय जमेच्या नोंदीसमोर पैसे कुठून आले ते लिहिलेले असते. ते आपलेच खाते निघाले, तर परतावा कसला?

पुढचे थोडक्यात सांगतो. मी ताईला आधी राउटरचा प्लग काढायला लावले. संगणक बंद करण्यात वेळ घालवू नये, जोडणी तुटणे महत्त्वाचे. मग तिने भाऊजींना हाक मारून फाटकातून परत बोलावले. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरून बँकेला फोन करून इंटरनेट बँकिंग थांबवले. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड ताईच्या मोबाइलवरून बदलला, त्या संगणकावरून नव्हे. संध्याकाळी मी जाऊन पाहिले तर दूरनियंत्रणाचा आणखी एक प्रोग्राम गुपचूप बसवलेला होता, संगणक सुरू झाला की आपोआप चालणारा, कुणाच्याही ‘स्वीकारा’ची गरज नसलेला. पहिला काढून निर्धास्त झालो असतो तर दुसरा दरवाजा उघडाच राहिला असता. शेवटी सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले.

भाऊजींचा एक प्रश्न मात्र दोन दिवस सुटत नव्हता. “ते सगळं ठीक, पण मूळचे 400 कधी परत मिळणार?” मी त्यांना महिनाभराचे खाते आणि कार्डाचे विवरण ओळीओळीने दाखवले. 399.99 ची नोंद कुठेही नव्हती. असणार कशी? बिल ही नुसती बातमी होती, तीही खोटी. हीच दोन विवरणे त्यांनी फोन करण्याआधी उघडली असती, तर सगळे पाच मिनिटांत मिटले असते. आणि खरोखर कुणी अँटिव्हायरसचे वर्गणीदार असेल, तर त्या प्रोग्रामच्या आतूनच आपले खाते उघडून नूतनीकरणाची तारीख पाहता येते. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधायला जाऊ नये, तिथेही याच मंडळींचे नंबर पेरलेले असतात.

आपल्या सूचनेच्या चौकटीत लिंकच्या शेजारी ‘बिलावरचा फोन नंबर’ हे तीन शब्दही छापावेत, एवढीच विनंती. भाऊजींना अजून आठवड्यातून एकदा फोन येतो: आपला परतावा अपुरा राहिला आहे. आता तो ताई उचलते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी