शस्त्रक्रियेआधीचा एक डोस आणि नंतरचे पाच दिवस

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

विषय: नियोजित शस्त्रक्रियांमधील प्रतिबंधात्मक प्रतिजैविकांची वेळ, निवड आणि मुदत

महोदय,

सविनय नमस्कार. मी अनेक वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. शस्त्रक्रियागृहात सतत दिसणाऱ्या एका चुकीविषयी हे पत्र लिहीत आहे. ती थांबवायला नवे यंत्र लागत नाही, मात्र शासनाचा स्पष्ट आदेश लागतो.

साठ किलो वजनाच्या एका शेतमजुराचे हर्नियाचे ऑपरेशन होते आणि जाळी बसवायची होती. सिस्टरांनी सकाळी आठ वाजता वॉर्डातच सेफाझोलिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, कारण केसपेपरवर ‘ऑपरेशनपूर्वी’ एवढेच लिहिले होते. आधीची केस लांबली आणि त्याच्या त्वचेला चीर पडली ती साडेबारा वाजता. सेफाझोलिनचे रक्तातील प्रमाण साधारण पावणेदोन ते दोन तासांत निम्मे होते, म्हणजे साडेचार तासांनी जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता. जंतू जखमेत शिरण्याची खरी वेळ आली तेव्हा औषध ओसरले होते. पुढे ‘धोका नको’ म्हणून पाच दिवस सेफ्ट्रियाक्झोन हे दुसरे प्रतिजैविक शिरेतून दिले गेले आणि घरी जाताना गोळ्यांची पट्टीही दिली गेली. जिथे एक डोस योग्य वेळी हवा होता, तिथे तो चुकला आणि नंतर दहाबारा डोस निष्कारण गेले.

निष्कारण का, हे थोडे सविस्तर सांगते. जखम दूषित होते ती ती उघडी असताना, आणि जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे असतात. चीर देताना ऊतींमध्ये औषध पुरेसे असेल, तर ते जंतू तिथेच मारले जातात. टाके पडल्यावर जखमेच्या कडा चिकटू लागतात आणि आत साकळलेल्या रक्तात औषध नीट पोहोचत नाही. अमेरिकन शल्यविशारद जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनी पिगांवरील प्रयोगांत दाखवले की जंतू शिरून तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाने काहीच फरक पडत नाही. 1992 मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे 2847 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांपैकी 0.6 टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला, तर चीर दिल्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर डोस मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 3.3 टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत, शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधासाठी प्रतिजैविक चालू ठेवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी ठेवली आहे, हेदेखील त्यासाठी कारण ठरत नाही.

शल्यविशारदांची भीती मला समजते. जखम चिघळते ती बहुधा पाचव्या-सातव्या दिवशी, आणि औषध लवकर बंद केल्यामुळेच असे झाले, असे नातेवाइकांना वाटते. परंतु त्या संसर्गाचे बीज बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पडलेले असते. लांबलेल्या औषधाने मात्र मूत्रपिंडाला इजा, तीव्र जुलाब आणि आतड्यात प्रतिरोधक जंतू वाढण्याचा धोका चढत जातो.

औषधाच्या निवडीतही हीच गल्लत आहे. हर्निया, सांधे किंवा सिझेरियन यांसाठी सेफाझोलिन योग्य आहे, कारण त्वचेवरील स्टॅफिलोकोकस जंतूंवर ते सेफ्ट्रियाक्झोनपेक्षा अधिक प्रभावी ठरते. सेफ्ट्रियाक्झोन ‘मोठे’ वाटते खरे, पण त्याची व्याप्ती नको त्या जंतूंना प्रतिरोधक बनवण्यात खर्च होते. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत सेफाझोलिन आहे, तरी भांडारात ते नसल्याने सेफ्ट्रियाक्झोन वापरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

फुटलेले अपेंडिक्स किंवा पोटात पसरलेला पू असेल, तर प्रतिजैविक देणे हा उपचार आहे, प्रतिबंध नव्हे, आणि तिथे औषध काही दिवस द्यावेच लागते. आदेशात हा फरक ठळकपणे नमूद असावा.

माझी विनंती अशी की, सेफाझोलिनचा पुरवठा अखंड राहावा. प्रौढाला दोन ग्रॅमचा डोस वॉर्डात न देता शस्त्रक्रियागृहात, चीर देण्यापूर्वीच्या साठ मिनिटांत, भूलतज्ज्ञाने द्यावा. सिझेरियनमध्येही नाळ कापण्याची वाट पाहू नये. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा दीड लिटरपेक्षा अधिक रक्त गेले, तर टेबलावरच दुसरा डोस द्यावा. डोसची आणि चिरेची वेळ भुलीच्या नोंदपत्रकात शेजारी-शेजारी लिहिली जावी, म्हणजे तपासणाऱ्याला अंतर एका दृष्टिक्षेपात कळेल. टाके पूर्ण झाल्यावरही कोणी औषध चालू ठेवले, तर त्याचे कारण केसपेपरवर सहीनिशी लिहिणे बंधनकारक करावे. आणि प्रत्येक रुग्णाच्या जखमेची विचारपूस तीस दिवसांपर्यंत, जाळी किंवा कृत्रिम सांधा बसवला असल्यास नव्वद दिवसांपर्यंत, दूरध्वनीवरून व्हावी. स्वतःच्याच रुग्णालयातील आकडे समोर आल्याशिवाय आमच्या सहकाऱ्यांची भीती जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ