सराव चाचणीतील गायब आकृत्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बुद्धिमत्ता चाचणीतील संख्यामालिका आणि सांकेतिक भाषेचे प्रश्न आकृतीअभावी सुटत नसल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या सशुल्क सराव चाचणीत दोन प्रश्न असे आले की त्यांचा नियम फक्त आकृतीत होता आणि आकृती पडद्यावर आलीच नाही. मी तक्रार नोंदवली तेव्हा 'इंटरनेट तपासा' एवढंच उत्तर देऊन ती बंद करण्यात आली. त्याच चाचणीतले भूमितीचे त्रिकोण आणि वर्तुळं मात्र व्यवस्थित दिसत होती, आणि दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या नेटवर्कवर उघडूनही हे दोन प्रश्न तसेच राहिले. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिला प्रश्न संख्यामालिकेचा. पडद्यावर फक्त '4, 9, 19, ?' एवढंच होतं आणि पर्याय होते 29, 34, 38, 39. आता यात फरक बघा : 4 ते 9 मध्ये 5, 9 ते 19 मध्ये 10. पुढचा फरक 15 धरला तर उत्तर 34. पण प्रत्येक संख्येची दुप्पट अधिक 1 असाही नियम चोख बसतो : 4 चे 9, 9 चे 19, आणि 19 चे 39. तीन पदांवरून यांतला एकच नियम खरा असं कुणीही ठरवू शकत नाही. 34 आणि 39 हे दोन्ही पर्यायांत आहेत, म्हणजे प्रश्न तयार करणाऱ्यालाही दुसरी वाट ठाऊक असावी. मी 39 निवडले, ते चूक ठरले आणि उणे गुण मिळाले. स्पष्टीकरण उघडलं तर तिथे एकच ओळ : 'वरील आकृतीप्रमाणे उत्तर 34.' वर आकृती नव्हतीच.

दुसरा प्रश्न सांकेतिक भाषेचा. CAB चा संकेत 6, तर FED चा संकेत किती? A ला 1, B ला 2 असे क्रमांक दिले की C, A, B म्हणजे 3, 1, 2. यांची बेरीज 6 आणि गुणाकारही 6! पुढे FED म्हणजे 6, 5, 4. बेरीज 15, गुणाकार 120. दोन्ही आकडे पर्यायांत होते. उत्तरतालिका 120 म्हणते आणि स्पष्टीकरण पुन्हा आकृतीकडे बोट दाखवतं. अक्षरांच्या मध्ये बेरजेचं चिन्ह होतं की गुणिलेचं, हे त्या आकृतीशिवाय कळणार कसं?

यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे आकृतीच्या जागी रिकामी चौकट किंवा तुटलेल्या चित्राची खूणसुद्धा नव्हती. चौकट दिसली असती तर काहीतरी राहिलंय हे कळून मी प्रश्न सोडून दिला असता. इथे प्रश्न वरवर पूर्ण दिसतो. विद्यार्थी त्यावर वेळ घालवतो, एक उत्तर काढतो आणि शंकाही न येता गुण गमावतो. तुमच्याकडे असे आणखी प्रश्न असतील तर ते शोधायला एक सोपी खूण आहे : स्पष्टीकरणात 'आकृती' किंवा 'वरीलप्रमाणे' आहे, पण प्रश्नासोबत चित्र जोडलेलं नाही, असे सगळे प्रश्न एका शोधात बाहेर येतील.

खरं तर या दोन्ही प्रश्नांना चित्राची गरजच नव्हती. '4, 9, 19, 34, ?' असं चौथं पद छापलं असतं तर दुपटीचा नियम तिथेच बाद झाला असता आणि उत्तर 54 आलं असतं. सांकेतिक प्रश्नात 'BAD चा संकेत 8' एवढं जास्तीचं उदाहरण पुरलं असतं, कारण 2, 1, 4 यांची बेरीज 7 येते आणि गुणाकार 8. चित्र हवंच असेल तर शोभेला असू द्या, नियम मजकुरात असला पाहिजे.

माझ्या मागण्या अशा. हे दोन्ही प्रश्न सर्वांसाठी रद्द करून गुण आणि क्रमवारी पुन्हा काढा. फक्त तक्रार करणाऱ्याचे उणे गुण परत देऊन भागणार नाही, कारण ज्यांनी अंदाजाने 34 किंवा 120 निवडले त्यांचे गुणही तितकेच बिनबुडाचे आहेत. दुरुस्त प्रश्न टाकताना स्पष्टीकरणात पायऱ्या शब्दांत आणि आकड्यांत लिहा. आणि बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडून प्रश्न तयार करणाऱ्या विभागाकडे पाठवा. इंटरनेट तपासायला सांगणाऱ्या विभागाकडे नको.

दोन्ही प्रश्नांचे आणि त्यांच्या स्पष्टीकरणांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. काय कारवाई केली ते लेखी कळवावे.

आपला,
सराव चाचणीचा एक सशुल्क सदस्य