नवरदेवाच्या भोवऱ्याबद्दल काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या जिवलग मित्राच्या लग्नाच्या स्वागत समारंभात मी केलेल्या चार मिनिटांच्या भाषणाला जो हशा मिळाला, त्याचा मोठा वाटा आपला आहे, हे तिथे जमलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. सकाळी नवरदेवाचे केस कापून आपण आपल्या कामाला निघून गेलात, त्यामुळे संध्याकाळचा वृत्तान्त आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यानेच पोहोचला असेल. आपले आभार मानावेत आणि आपण दिलेल्या ऐवजाचे पुढे काय झाले तेही सांगावे, म्हणून हे जाहीर पत्र लिहितो आहे.

भाषणाची तयारी करताना मी आपल्याकडे आलो, तेव्हा माझ्या हातात त्याच्या केशरचनांची कालानुक्रमे यादी होती. शाळेतला मधला भांग, महाविद्यालयातले जेल लावून उभे केलेले केस, घरच्या घरी केलेला सोनेरी रंग, मग खांद्यापर्यंत वाढवलेले केस आणि त्यांचा अंबाडा, शिवाय मधली काही किरकोळ प्रकरणे. आपण ती शांतपणे ऐकून घेतलीत आणि विचारलेत, “हे सगळे तो का करत होता, हे तुम्हाला माहीत आहे का?” फॅशन म्हणून, असे मी म्हणालो. त्यावर आपण आपल्याच डोक्याच्या मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणालात, “भोवऱ्यासाठी.”

केस कातडीतून सरळ वर येत नाहीत, ते एका बाजूला कललेले असतात, आणि टाळूच्या मागे जिथे हा कल गोल फिरतो तिथे भोवरा पडतो, हे आपण मला समजावलेत. ही रचना जन्माच्या आधीच ठरलेली असते, त्यामुळे कात्रीने, तेलाने किंवा विनवणीने ती बदलत नाही. भोवऱ्यावरचे केस अगदी बारीक ठेवले तर दिसत नाहीत आणि भरपूर वाढवले तर स्वतःच्या वजनाने खाली बसतात. मधल्या लांबीला मात्र ते हमखास उभे राहतात, आणि माझ्या मित्राने आयुष्याचा बराच काळ नेमकी ती मधली लांबी राखली होती.

एवढ्या एका माहितीने भाषणाचा सांगाडाच बदलला. नुसती यादी वाचली असती, तर तिसऱ्या केशरचनेनंतर फक्त शाळासोबत्यांचे टेबल हसत राहिले असते आणि बाकीचे पाहुणे ताटाकडे वळले असते, कारण ज्यांनी ते केस पाहिलेच नाहीत त्यांना पुढच्या नावाची उत्सुकता असण्याचे काही कारण नसते. आता मात्र गोष्टीला एक नायक होता आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दबा धरून बसलेला एक प्रतिस्पर्धी. प्रत्येक केशरचना ही त्याच्याविरुद्धची नवी चढाई ठरली. नवरीकडच्या ज्या मंडळींनी नवरदेवाला जेमतेम दोनदा पाहिले होते, त्यांनाही पुढच्या चढाईत काय होणार याची वाट पाहावीशी वाटू लागली.

जेलच्या प्रकरणात आपली तपशिलाची मदत झाली. जेल वाळले की केसांवर त्याचा कडक पापुद्रा बसतो आणि त्यातून कंगवा फिरवला की तो तुटून पांढऱ्या कणांच्या रूपाने खांद्यावर पडतो. “सगळेच केस उभे केले म्हणजे भोवऱ्याचे उभे केस ओळखू येणार नाहीत, ही त्याची युद्धनीती होती,” असे मी म्हणालो, “आणि तिच्या खुणा दुपारपर्यंत त्याच्या काळ्या शर्टावर दिसत असत.” इथे पहिला मोठा हशा आला.

सोनेरी रंगाच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त वेळ घेतला, कारण ते तितके श्रीमंत होते. काळ्या केसांचा रंग काढताना ते आधी तांबूस, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळे होतात, आणि घाबरून मध्येच धुतले तर नारिंगीवरच थांबतात. शिवाय टाळूच्या उबेने मुळांजवळचा रंग लवकर उडतो, म्हणून मुळे पिवळी आणि टोके नारिंगी अशी विभागणी होते. आपण हे सांगेपर्यंत, एकाच डोक्यावर दोन रंग का दिसत होते, याचा उलगडा आमच्यापैकी कोणालाच झालेला नव्हता. भाषणात मी एवढेच म्हणालो की लपवायचा होता तो भोवरा त्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडूनही दिसू लागला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा हा देखावा किती महिने चालला असेल याचा हिशेब मी पाहुण्यांवर सोपवला. अंबाड्याला मात्र मी दोनच वाक्ये दिली. त्या काळात भोवरा खरोखर हरला होता, आणि जिंकलेल्या माणसाची थट्टा करण्यात मजा नसते.

काका, आपण जे सांगितले त्याइतकेच, जे सांगायचे नाकारलेत त्याबद्दलही मी आपला ऋणी आहे. अलीकडे त्याचे कपाळ रुंदावते आहे का, असे मी विचारताच आपण कात्री पुसायला घेतलीत. मग म्हणालात, “त्याने स्वतः निवडलेल्या केसांवर काय हवे ते बोला. गेलेल्या केसांना त्याने निवडलेले नाही.” आजारपणाच्या दिवसांतल्या बारीक केसांबद्दलही आपण एक अक्षर काढले नाहीत, आणि मीही नाही. थट्टेची मर्यादा मला इतक्या सोप्या शब्दांत आजवर कोणी सांगितली नव्हती. भाषणात राहिलेला प्रत्येक विनोद मी त्या एका वाक्याच्या कसोटीवर तपासला.

दोन भोवरे असलेल्याची दोन लग्ने होतात, ही समजूत वापरावी की नाही, याबद्दल मी साशंक होतो. आपला सल्ला अचूक ठरला. आधी भोवरे मोजा, असे आपण म्हणालात, आणि मोजून एकच असल्याची ग्वाहीही दिलीत. त्यामुळे “अनुभवी हातांनी तपासणी करून भोवरा एकच असल्याचे कळवले आहे” हे वाक्य मी नवरीच्या आईकडे पाहून म्हणू शकलो, आणि त्या इतक्या हसल्या की मला काही क्षण थांबावे लागले.

शेवट नवरीवर आणायचा होता. तिला मी आधीच विचारून ठेवले होते, तेव्हा तिने सांगितले होते की पहिल्या भेटीत तिचे लक्ष त्या उभ्या राहिलेल्या केसांकडेच गेले आणि ते तिला आवडले. तिच्या परवानगीने मी हे जसेच्या तसे सांगितले आणि पुढे म्हणालो, “इतकी वर्षे हा ज्याच्याशी लढला, त्यानेच याचे लग्न जमवले.” मग दोघांच्या सुखासाठी पेला उंचावण्याची विनंती केली. सगळ्यांच्या नजरा नवरदेवाकडे वळल्या आणि त्याचा हात नकळत डोक्याच्या मागे गेला. दोन तासांत ते केस पुन्हा उभे राहतील, असे आपण सकाळीच म्हणाला होतात, आणि ते राहिलेही होते. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा हाच होता आणि तो माझ्या कागदावर कुठेही नव्हता.

भाषणाची प्रत सोबत जोडली आहे. आपले नाव मी कुठेही घेतलेले नाही, परंतु “अनुभवी हात” कोणाचे, हे नवरदेवाच्या तत्काळ लक्षात आले आहे. पुढच्या महिन्यात तो केस कापायला येईल तेव्हा आपल्याला जाब विचारणार आहे, असे त्याने मला बजावून सांगितले आहे. कृपया सगळा दोष माझ्यावर ढकलावा.

आपला कृतज्ञ,
नवरदेवाचा मित्र