थट्टा कुठे थांबवावी

नागपूर

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

भंडाऱ्याहून तुमच्या क्रिकेट संघात आलेल्या मुलाच्या ‘मले’, ‘तुले’ची तुम्ही सारे जी नक्कल करता, तिच्याविषयी हे पत्र आहे. सुरुवातीला तोही तुमच्या बोलण्याची नक्कल करून परतफेड करीत असे आणि तेव्हा ती खरोखर थट्टाच होती. परवा रेशीमबागेच्या मैदानावर मात्र मला वेगळे दिसले. तो हसला, पण इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहून, जरा उशिराने. आणि नंतर झेल घेण्यासाठी हाक मारायची असतानाही त्याने तोंड उघडले नाही.

शाळांमधील छळाचा अभ्यास १९७०च्या दशकात सुरू करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम दुखावणे, ते पुन्हा पुन्हा होणे आणि दोन बाजूंच्या बळात तफावत असणे. तुझ्या मनात दुखावण्याचा हेतू नसेल, हे मी मानते. परंतु तुम्ही सहा-सात जुने मित्र आणि तो एकटा नवखा, ही तफावत हेतूवर अवलंबून नाही. म्हणून हेतू शोधत बसण्यापेक्षा टोला परत येतो का, हे पाहा. तो येणे थांबले आणि विषय रोज तोच राहिला, तर त्याच्या हसण्याला संमती समजू नकोस. एकटे पडू नये म्हणूनही माणूस हसतो.

हे लक्षात येताच वाक्य अर्धेच सोडून दे. “राग आला का रे?” असे सर्वांदेखत विचारू नकोस, कारण तिथे त्याला “नाही” म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. “गंमत केली” हेही नको. त्याने दोष त्याच्याच हळवेपणावर जातो. “बस झालं, चला, पुढचं षटक टाका,” एवढे मुलांना म्हण. नक्कल तू सुरू केलीस, त्यामुळे तुझ्या तोंडून ते निघाले तर इतरांना थांबणे सोपे जाईल.

नंतर तो एकटा भेटला की, “तुझ्या बोलण्याची नक्कल मी करायला नको होती, पुन्हा करणार नाही,” असे नेमके सांग आणि त्याने लगेच माफ करावे अशी अपेक्षा ठेवू नकोस. कदाचित तो विषयच टाळेल, टाळू दे. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या आवाजाची जी ध्वनिफीत फिरते आहे, ती तू टाकली असशील तर काढून टाक, दुसऱ्याने टाकली असेल तर त्याला काढायला सांग, कारण मैदानावरची थट्टा संध्याकाळी संपते, ही मात्र रात्रीही त्याच्या हातात असते.

तुझ्या सांगण्यानंतरही कोणी ऐकले नाही, किंवा धक्काबुक्की, धमकी असे काही दिसले, तर ते तुमच्यातच मिटवत बसू नकोस. त्याच दिवशी प्रशिक्षकांना किंवा मला सांग.

तुझी,
आई